पंचवीस टक्के, पण कशावर?

तालुक्याच्या गावातलं रेडीमेड कपड्यांचं एखादं दुकान डोळ्यांसमोर आणा. मालकाने अहमदाबादहून शंभर कुर्त्या मागवल्या आहेत. बिलात कुर्तीचा दर ३६५ रुपये आहे, जीएसटी वेगळा. ट्रान्सपोर्ट आणि हमालीचे हजार रुपये झाले, म्हणजे नगामागे दहा. एकूण कुर्ती दुकानात येऊन पडली ३७५ रुपयांना. मालकाने मनाशी एक ठरवून ठेवलंय, की शंभराची विक्री झाली की त्यातले पंचवीस आपले सुटले पाहिजेत. तो कॅल्क्युलेटरवर ३७५ मारतो, त्यात २५ टक्के मिळवतो, उत्तर येतं ४६८ रुपये ७५ पैसे. लेबलवर ४६९ छापून कुर्ती हँगरला लागते.

आता उलटा हिशेब करून बघा. ४६८.७५ मधून ३७५ गेले की उरतात ९३.७५. हे ९३.७५ म्हणजे ४६८.७५ चे किती टक्के? बरोबर वीस. मालकाला पंचवीस हवे होते, त्याने पंचवीसच मिळवले, आणि हातात आले वीस.

बेरीज कुठेच चुकलेली नाही. टक्के काढले खरेदीवर आणि अपेक्षा ठेवली विक्रीवर, एवढंच झालं. खरेदीच्या किमतीवर जो शेकडा चढवतात तो मार्कअप आणि विक्रीच्या किमतीतून जो शेकडा सुटतो तो मार्जिन. नफ्याचे रुपये तेच असतात, फक्त भागायचं कशाने हे बदलतं. विक्रीची किंमत खरेदीपेक्षा मोठी असल्यामुळे त्याच रुपयांचा टक्का विक्रीवर नेहमी लहान दिसतो.

हा घोळ इतका सर्रास होण्यामागे आपलं शाळेतलं गणितही आहे. नफा-तोट्याच्या धड्यात शेकडा नफा खरेदी किमतीवरच काढायला शिकवतात आणि तीच सवय हाताला लागते. त्याच पुस्तकात सूट मात्र छापील किमतीवर काढतात. परीक्षेत प्रश्नातच लिहिलेलं असतं की टक्के कशावर काढायचे. दुकानात ते कोणी लिहून देत नाही.

विक्रीवर पंचवीस टक्के हवे असतील तर किंमत काढायची रीत अशी. विक्रीची किंमत म्हणजे शंभर हिस्से धरा. त्यातले पंचवीस नफ्याचे, म्हणजे उरलेले पंचाहत्तर हिस्से खरेदीचे झाले. आपली खरेदी ३७५ आहे, म्हणजे हे ३७५ किमतीच्या पंचाहत्तर टक्के असले पाहिजेत. म्हणून ३७५ ला ०.७५ ने भागायचं. उत्तर ५०० रुपये. पडताळा सोपा आहे. पाचशेचे पंचवीस टक्के सव्वाशे आणि पाचशेतून सव्वाशे गेले की ३७५. म्हणजे शंभरातून हवं ते मार्जिन वजा करायचं आणि जे उरेल त्या टक्क्याने खरेदीला भागायचं. गुणाकार नाही, भागाकार. संगणकावर भावांचा तक्ता ठेवत असाल, खरेदी A रकान्यात आणि मार्जिन B रकान्यात असेल, तर सूत्र एवढंच:

```
=A2/(1-B2)
```

खरेदीवर मिळवूनच भाव काढायची सवय असेल तर तेही चालतं, फक्त आकडा बदलावा लागतो. विक्रीवर वीस टक्के हवे असतील तर खरेदीवर पंचवीस चढवा. विक्रीवर पंचवीस हवे असतील तर खरेदीवर ३३.३३, म्हणजे एक तृतीयांश. तीस टक्क्यांसाठी ४२.८६, चाळीससाठी ६६.६७ आणि पन्नाससाठी पूर्ण शंभर, म्हणजे दामदुप्पट. टक्के लहान असताना दोन्हींत फारसं अंतर नसतं. विक्रीवरच्या पाच टक्क्यांसाठी खरेदीवर ५.२६ लागतात. त्यामुळे साखर-तेलासारख्या बारीक नफ्याच्या मालात हा फरक पटकन जाणवत नाही. कपडे, भांडी, कटलरी, इमिटेशन दागिने अशा मालात मात्र तो चांगलाच अंगावर येतो. विक्रीवर शंभर टक्के नफा तर होऊच शकत नाही, कारण त्यासाठी माल फुकट मिळायला हवा. ‘आम्ही शंभर टक्के मार्जिनवर धंदा करतो,’ असं कोणी सांगितलं तर तो मार्कअप सांगतोय हे ओळखावं. त्याचं मार्जिन पन्नास आहे.

गल्ल्यावरच्या बऱ्याच कॅल्क्युलेटरवर या कामासाठी वेगळं बटण असतं, त्यावर MU लिहिलेलं असतं. वर्षानुवर्षं कोणी त्याला हात लावत नाही. ३७५, मग भागाकाराचं चिन्ह, मग २५ आणि MU दाबलं, की बहुतेक मशिनांवर थेट ५०० येतात. गंमत म्हणजे बटणावरची अक्षरं मार्कअपची आहेत आणि उत्तर मिळतं मार्जिनचं. सगळ्या मशिनांची रीत सारखीच असते असं नाही, तेव्हा आधी ७५ आणि २५ घालून बघावं. शंभर आले तर बटण आपल्या कामाचं.

यावर एखादा जुना व्यापारी म्हणेल, टक्के खरेदीवर धरले काय आणि विक्रीवर धरले काय, आपल्याला रुपयांशी मतलब. म्हणणं खोटं नाही. पण दुकानाचा खर्च भागतो रोजच्या गल्ल्यातून आणि गल्ल्यात येते ती विक्री. आज बारा हजारांचा गल्ला झाला आणि मार्जिन पंचवीस टक्के ठरलेलं असेल, तर तीन हजार सुटले हे मालकाला दुकान बंद करता करता कळतं. मार्कअप माहीत असेल तर आधी त्या बारा हजारांची खरेदी शोधावी लागते. शिवाय मोजमापं सगळी विक्रीवरच होतात. छोट्या व्यापाऱ्यांसाठी आयकरात अंदाजित उत्पन्नाची योजना आहे. तिथेही उत्पन्न धरतात ते उलाढालीच्या आठ टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल आलेल्या रकमेवर सहा टक्के. खरेदीचा तिथे प्रश्नच येत नाही. म्हणून विक्रीवर ठरावीक टक्के हवेत हा कुर्तीवाल्या मालकाचा हट्ट रास्तच आहे. तो लेबलवर उतरवायची पद्धत तेवढी चुकली.

चुकल्यामुळे काय होतं ते महिन्याच्या हिशेबात बघू. समजा दुकानात महिन्याला तीन लाखांच्या खरेदीचा माल खपतो. भाड्याचे १८ हजार, दोन पोरांच्या पगाराचे २४ हजार, वीजबिल आणि किरकोळ खर्चाचे १० हजार, कर्जाच्या व्याजाचे ८ हजार, असा ६० हजारांचा खर्च ठरलेला. कर बाजूला ठेवू. विक्रीवर पंचवीस टक्क्यांनी भाव लावले असते तर तोच माल चार लाखांना गेला असता. नफा एक लाख, खर्च जाऊन घरी ४० हजार. खरेदीवर पंचवीस चढवले तर माल पावणेचार लाखांना जातो, नफा ७५ हजार होतो आणि खर्च जाऊन उरतात १५ हजार. कागदावर फरक पाच टक्क्यांचा, घरी जाणाऱ्या पैशात फरक २५ हजारांचा. भाडं आणि पगार मालकाच्या चुकीची वाट बघत थांबत नाहीत, ते पूर्णच द्यावे लागतात. म्हणून सगळी तूट घरच्या पैशावर येते.

इथवर कर बाजूला होता. पण लेबलवरची किंमत गिऱ्हाइकासाठी करासकट असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे १८ टक्के. खरेदीच्या बिलात भरलेला जीएसटी नोंदणीकृत दुकानदाराला विक्रीच्या करातून वळता करून घेता येतो, म्हणून तो ३७५ मध्ये धरलेला नाही. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी तर सरकारचा, तो आपल्या गल्ल्यात फक्त मुक्कामाला असतो. म्हणून ५०० वर पाच टक्के चढवून लेबल व्हायला हवं ५२५ चं. इथे मात्र गुणाकारच बरोबर आहे, कारण हा कर कराविनाच्या किमतीवर लागतो.

आपल्या मालकाने तर ४६८.७५ चं लेबल लावलं आणि कर त्यातूनच जाऊ दिला. ४६८.७५ ला १.०५ ने भागलं की त्याची खरी विक्री निघते ४४६ रुपये ४३ पैसे. नफा ७१.४३. विक्रीवर सोळा टक्के. पंचवीसचे वीस झाले होते, आता सोळा झाले. वरचा महिना याच भावाने गेला असता तर तीन लाखांच्या मालाची करासकट वसुली पावणेचार लाख, कर वजा जाता विक्री सुमारे ३ लाख ५७ हजार आणि नफा ५७ हजार. खर्च ६० हजारांचा. दुकानात गर्दी असून महिन्याकाठी तीन हजार खिशातून.

अडीच हजारांच्या उंबऱ्यावर आणखी एक पेच आहे. एखादा ड्रेस दोन हजारांना पडला. पंचवीस टक्के मार्जिनने किंमत निघते २,६६७, म्हणजे अडीच हजारांच्या वर. त्यावर कर १८ टक्के, लेबल जवळपास ३,१४७. तोच ड्रेस २,४९९ ला विकला तर कर ५ टक्के आणि लेबल २,६२४. गिऱ्हाइकाला सव्वापाचशे रुपयांचा फरक पडतो. मार्जिन मात्र वीस टक्क्यांच्या आसपास येतं. अशा ठिकाणी पंचवीसचा हट्ट सोडून देणंच शहाणपणाचं, कारण समोरचा दुकानदार तो ड्रेस २,४९९ च्या हिशेबानेच लावणार.

कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराचं गणित थोडं वेगळं. त्याला गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, खरेदीवरचा कर वळताही होत नाही, आणि विक्रीवर एक टक्का स्वतः भरायचा असतो. म्हणजे कुर्तीच्या बिलावरचे १८.२५ रुपये खरेदीतच जमा झाले आणि कुर्ती पडली ३९३.२५ ला. वर विक्रीतला एक टक्का आधीच गेलेला. म्हणून भागायचं ते ०.७४ ने, पंचाहत्तरमधून आणखी एक कमी करून. किंमत येते ५३१ रुपये ४२ पैसे. विक्रीच्या टक्क्याने कापलं जाणारं काहीही असो, ऑनलाइन कंपनीचं कमिशन असो की क्रेडिट कार्डाच्या मशीनचा आकार, ते असंच भाजकात घ्यायचं असतं. खरेदीत मिळवलं की पुन्हा तोच घोळ.

मग येते सूट. कपड्याच्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस न करता बाहेर पडलं तर मालकालाच चुकल्यासारखं वाटतं. दहा टक्के सूट म्हणजे पंचवीसमधले दहा गेले आणि पंधरा राहिले, असं गल्ल्यावर धरलं जातं. तसं नसतं. पाचशेची कुर्ती साडेचारशेला गेली, खरेदी तीच ३७५. नफा ७५ रुपये, विक्रीवर १६.६७ टक्के. नफ्याचे रुपये सव्वाशेवरून पंचाहत्तरवर आले. पूर्वी तीन कुर्त्यांत जे सुटत होतं त्यासाठी आता पाच विकाव्या लागतील. सेलचा बोर्ड लावण्याआधी हा एक आकडा बघावा. तीनाच्या जागी पाच खपतील का? जुना माल काढायचा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे पैसा मोकळा होणं हाच फायदा.

आणि आपल्या ४६८.७५ वाल्या मालकाने दहा टक्के सोडले तर? गिऱ्हाइकाने दिले ४२१.८८, कर जाऊन उरले ४०१.७९, नफा २६.७९. विक्रीवर ६.६७ टक्के. तोंडात अजून ‘पंचवीस टक्के’च आहे.

सूट द्यावीच लागणार हे ठाऊक असेल तर ती आधीच लेबलमध्ये बसवावी, तीही भागाकारानेच. ५२५ ला ०.९ ने भागलं की ५८३.३३ येतात, म्हणून लेबल ५८५ चं. ५२५ मध्ये दहा टक्के मिळवून ५७७.५० केले तर दहा टक्के सुटीनंतर हातात ५१९.७५ येतात, ५२५ नाही. मिळवले लहान रकमेवर, सोडले मोठ्या रकमेवर.

ज्या मालावर एमआरपी छापलेली असते तिथे भाव लावायचं स्वातंत्र्य नसतं. छापील किमतीच्या वर विकता येत नाही, म्हणून हिशेब उलट्या टोकाने करायचा की हा माल कितीपर्यंत घेतला तर परवडेल. इथे नीट ऐकावं लागतं ते सेल्समनचं बोलणं.

‘शेठ, या तेलात वीस टक्के सुटतात.’

‘कशावर? एमआरपीवर की खरेदीवर?’

बाटलीची एमआरपी १०५ असेल आणि वीस टक्के एमआरपीवर असतील, तर बाटली करासकट ८४ रुपयांना मिळायला हवी. तेच वीस टक्के खरेदीवर असतील तर १०५ ला १.२ ने भागायचं, बाटली पडेल ८७.५० ला. साडेतीन रुपयांचा फरक आहे. सेल्समन खोटं बोललेला नसतो, दोन्ही वीसच टक्के. विचारलं नाही तर जो अर्थ कंपनीला सोयीचा तोच बिलात उतरतो.

कशावर, हे लिहूनच ठेवलं की वाद उरत नाही. औषधांच्या किमतींच्या २०१३ च्या आदेशात ते लिहिलेलं आहे. ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवतं, त्यात किरकोळ विक्रेत्याला सोळा टक्के धरले आहेत, ते विक्रेत्याला पडणाऱ्या किमतीवर. शंभराला पडलेलं औषध ११६ ला, म्हणजे विक्रीवर १३.७९ टक्के. जून २०२१ मध्ये ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर सत्तर टक्क्यांची मर्यादा आली तीही वितरकाच्या किमतीवर होती. शंभराचं यंत्र जास्तीत जास्त १७० ला, म्हणजे छापील किमतीतला वाटा साधारण ४१ टक्के. सत्तर टक्के ऐकून भुवया उंचावणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही बघायला हवा होता.

दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर सारखेच पंचवीस सुटतील अशी आशा मात्र कोणी धरू नये. शाळेच्या गणवेशाचा भाव गावभर ठाऊक असतो, तिथे पंधराच्या वर जाता येत नाही. चार लाखांच्या विक्रीत गणवेश एक लाखाचा असेल तर त्यातून १५ हजार सुटतात. एकूण लाख रुपये हवे असतील तर उरलेल्या तीन लाखांतून ८५ हजार काढावे लागतील, म्हणजे बाकी मालावर मार्जिन हवं २८.३३ टक्के. इथे टक्के विक्रीवर धरल्याचा आणखी एक फायदा दिसतो, की वेगवेगळ्या मालाची सरासरी विक्रीच्या आकड्यांवरून सरळ काढता येते. वस्तूंच्या संख्येवरून किंवा टक्क्यांची नुसती बेरीज करून ती काढली तर चुकते.

मार्चअखेर शिल्लक माल मोजला की वर्षभर काय झालं ते उघड होतं. सुरुवातीचा साठा ६ लाखांचा, वर्षातली खरेदी भाड्या-हमालीसह ३७ लाखांची, अखेरचा साठा ७ लाखांचा, सगळं खरेदीच्या भावाने. सहा आणि सदतीस त्रेचाळीस, त्यातून सात गेले, म्हणजे ३६ लाखांचा माल विकला गेला. कर वजा जाता विक्री ४५ लाख भरली तर नफा ९ लाख, बरोबर वीस टक्के. पंचवीस ठरवून वीस निघाले तर मालात खोट शोधू नये की नोकरांवर संशय घेऊ नये. भाव खरेदीवर चढवलेत, बस. सोळा निघाले तर करही लेबलमधून गेलाय. भागाकार करून, कर वेगळा धरून भाव लावले असतील आणि तरीही वीस-बावीसच निघत असतील, तर मग सूट, फाटका माल, चुकलेली मोजणी आणि चोरी यांकडे वळावं.

साठा मोजताना एकच पथ्य पाळायचं. लेबलवरचा भाव नाही, खरेदीचा भाव लिहायचा. लेबलने मोजलेला साठा फुगलेला दिसतो, आणि जो नफा अजून झालेलाच नाही तो वहीत जमा होऊन त्यावर आयकर भरायची वेळ येते.